बीकरमध्ये उरलेलं ॲल्युमिनियम: लिमिटिंग रिएजंट ठरवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या पश्चिम उपनगरातलं एक कनिष्ठ महाविद्यालय, अकरावी विज्ञानाची तुकडी आणि पावसाळ्याचे दिवस. मी तिथे रसायनशास्त्र शिकवते. हे प्रकरण प्रात्यक्षिकाच्या तासाला जोडीने काम करणाऱ्या एका मुलीचं आणि एका मुलाचं आहे. त्यांची ओळख पटेल असं काही इथे दिलेलं नाही.

प्रयोग साधा होता. कॉपर क्लोराईड पाण्यात विरघळवायचं, त्यात ॲल्युमिनियमच्या फॉइलचे तुकडे टाकायचे आणि तयार होणारं तांबं गाळून, धुऊन, वाळवून त्याचं वजन करायचं. फॉइल टाकली की काही क्षणांतच तिच्यावर लालसर तपकिरी थर चढतो, बुडबुडे येतात, बीकर हाताला गरम लागतो आणि निळसर हिरवा रंग फिका पडत जातो. संतुलित समीकरण असं आहे:

2Al + 3CuCl₂ → 2AlCl₃ + 3Cu

प्रत्येक जोडीला ०.५४ ग्रॅम ॲल्युमिनियम आणि ४.२६ ग्रॅम कॉपर क्लोराईड मोजून घ्यायला सांगितलं होतं, पाणी १०० मिलिलिटर. आधी कागदावर लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपणारा पदार्थ, ओळखायचा होता. त्यावरून तांब्याचं थिअरॉटिकल यील्ड काढायचं, मग प्रयोग करायचा आणि प्रत्यक्ष मिळालेल्या तांब्याची टक्केवारी मांडायची.

अडचण कशी उभी राहिली

दोघांनी आकडेमोड वेगवेगळी केली आणि नंतर उत्तरं ताडून पाहिली. सवय चांगली आहे, मीच लावलेली.

मुलीने दोन्ही पदार्थांचे मोल काढले. ॲल्युमिनियमचं मोलर मास २७.० धरून ०.५४ ग्रॅमचे ०.०२० मोल. कॉपर क्लोराईडच्या बाटलीवरचं CuCl₂·2H₂O हे सूत्र वाचून तिने १७०.५ ने भागलं आणि ०.०२५ मोल मिळवले. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग तिने लिहिलं, "०.०२० हा आकडा ०.०२५ पेक्षा लहान, म्हणून ॲल्युमिनियम लिमिटिंग."

मुलाने समीकरणातले सहगुणक विसरले नाहीत. मोलांना त्या त्या सहगुणकाने भागायचं आणि लहान भागाकार ज्याचा येईल तो लिमिटिंग, ही रीत त्याला पक्की येत होती. पण त्याने कॉपर क्लोराईडचं मोलर मास समीकरणात दिसणाऱ्या CuCl₂ वरून काढलं, म्हणजे १३४.४५. त्यामुळे त्याला ०.०३१७ मोल मिळाले. तीनने भागल्यावर ०.०१०६. ॲल्युमिनियमचे ०.०२० भागिले २ म्हणजे ०.०१००. लहान भागाकार ॲल्युमिनियमचा, म्हणून त्याच्याही मते ॲल्युमिनियमच लिमिटिंग.

पुढचा हिशोब मग दोघांचा सारखाच झाला. दोन मोल ॲल्युमिनियममागे तीन मोल तांबं, म्हणून ०.०२० मोलांमागे ०.०३० मोल. त्याला ६३.५५ ने गुणलं की १.९१ ग्रॅम. दोन्ही वह्यांत तोच आकडा.

दोन चुका होत्या, एकमेकींशी काही संबंध नसलेल्या. एकीत सहगुणक सुटले होते, दुसरीत स्फटिकजल सुटलं होतं. तरी दोन्ही एकाच उत्तरावर जाऊन थांबल्या. उत्तर जुळलं म्हणून दोघांनीही परत मागे वळून पाहिलं नाही, आणि त्यात त्यांना दोष देता येणार नाही. ताळा म्हणून जे करायला सांगितलं होतं ते त्यांनी केलं होतं.

प्रयोगही नीट पार पडला. रंग पूर्ण गेला. गाळणकागदावर जमलेलं तांबं त्यांनी पाण्याने धुतलं, थोडा वेळ ओव्हनमध्ये ठेवलं आणि वजन केलं. १.७२ ग्रॅम भरलं. १.९१ शी तुलना केली तर ९० टक्के. "मॅडम, नव्वद टक्के आलं," मुलगी आनंदाने सांगायला आली. अकरावीच्या प्रयोगात नव्वद टक्के हा असा आकडा आहे की कोणी त्यावर प्रश्न विचारत नाही.

माझी नजर मात्र गाळणकागदाकडे गेली. तांब्याच्या तपकिरी लगद्यात चांदीसारखे चमकणारे बारीक तुकडे दिसत होते.

निर्णयाची पहिली जागा: सांगायचं की दाखवायचं

माझ्यासमोर तेव्हा तीन वाटा होत्या. पहिली, वही हातात घेऊन दोन्ही चुका तिथेच खुणावायच्या. दोन मिनिटांचं काम होतं. दुसरी, प्रयोग पुन्हा करायला लावायचा. पण प्रयोगात फारसं चुकलं नव्हतं, आणि तीच आकडेमोड घेऊन ते पुन्हा बसले असते तर पुन्हा १.९१ हाच आकडा आला असता. तिसरी, त्यांच्याच कागदावरचं विधान त्यांच्याच बीकरशेजारी ठेवायचं.

मी तिसरी निवडली. त्यामागे एक ठोस कारण होतं. लिमिटिंग रिएजंट ठरवणं म्हणजे अभिक्रिया थांबेल तेव्हा भांड्यात काय संपलेलं असेल आणि काय उरलेलं असेल याचं भाकीत करणं. हे भाकीत या प्रयोगात डोळ्यांनी तपासता येतं. ॲल्युमिनियम खरंच लिमिटिंग असतं तर फॉइल पूर्ण संपली असती आणि द्रावणात निळा रंग थोडा तरी राहिला असता. इथे नेमकं उलट झालं होतं.

मी विचारलं, "ॲल्युमिनियम संपलं असं तुम्ही दोघांनी लिहिलंय. मग हे चमकतंय ते काय?"

मुलगा म्हणाला, "ते तांब्याखाली झाकलं गेलं असेल, मॅडम. द्रावण पोचलंच नसेल तिथे." शंका रास्त होती. जाड थर बसला की आतली फॉइल कधीकधी खरोखर वाचते. पण तसं झालं असेल, तर द्रावणात तांब्याचे आयन शिल्लक असायला हवेत. म्हणजे आता प्रश्न द्रावणाला विचारायचा होता.

काय केलं

गाळलेल्या द्रावणाचा थोडा भाग परीक्षानळीत घेऊन त्यात अमोनियाचं द्रावण थेंबाथेंबाने घातलं. तांब्याचे आयन असतील तर जास्तीच्या अमोनियात गडद निळा रंग येतो, आणि तो अगदी कमी प्रमाणालाही ओळखू येतो. निळा रंग आला नाही. आला तो पांढरा, जेलीसारखा अवक्षेप, म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. तांबं द्रावणातून संपलं होतं.

मग गाळणकागदावरच्या लगद्याचा कणभर भाग सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकला. लगेच बुडबुडे आले. तांबं या ॲसिडमधून हायड्रोजन काढत नाही, ॲल्युमिनियम काढतं. म्हणजे चमकणारे तुकडे ॲल्युमिनियमचेच.

आता दोघं स्वतःहून वह्यांकडे वळले. "म्हणजे कॉपर क्लोराईड लिमिटिंग," मुलगी म्हणाली, "पण त्याचे मोल तर जास्त आहेत. ग्रॅमही जास्त आहेत." तिचा गोंधळ खरा होता. ४.२६ ग्रॅम हे ०.५४ ग्रॅमच्या जवळजवळ आठपट. मोलांतही कॉपर क्लोराईडच पुढे. मग तेच आधी कसं संपलं?

निर्णयाची दुसरी जागा: कोणती रीत वापरायची

इथे रीत कोणती घ्यायची हा प्रश्न आला, कारण पुस्तकांत तीन रीती आढळतात.

एक रीत मुलाने वापरलेली, मोल भागिले सहगुणक. ती सर्वांत झटपट आहे. पण त्या भागाकाराचा अर्थ काय हे बहुतेक मुलांना सांगता येत नाही, त्यामुळे चूक झाली तरी आकड्याकडे पाहून कळत नाही. दुसरी रीत म्हणजे प्रत्येक पदार्थावरून उत्पादन किती होईल ते वेगवेगळं काढायचं आणि लहान उत्तर ठेवायचं. तिच्यात लिमिटिंग रिएजंट आणि थिअरॉटिकल यील्ड एकदमच हाती येतात, परीक्षेसाठी ती सोयीची. तिसरी रीत थोडी लांबची आहे: एक पदार्थ पूर्ण संपवायचा तर दुसरा किती लागेल ते काढायचं आणि तेवढा आपल्याकडे आहे का ते पाहायचं.

मी तिसरी धरली. तिच्यातून "किती उरेल" हा आकडा आपोआप बाहेर पडतो, आणि त्या दिवशी आमच्याकडे उरलेला पदार्थ समोर होता.

मुलीने आपलेच मोल घेऊन मांडणी केली. ०.०२० मोल ॲल्युमिनियम पूर्ण संपवायचं तर कॉपर क्लोराईड किती लागेल? दोनाला तीन, म्हणजे दीडपट: ०.०३० मोल. तिच्याकडे होते ०.०२५. कमी पडले. म्हणून कॉपर क्लोराईड आधी संपणार. उलट बाजूनेही तिने करून पाहिलं: ०.०२५ मोल कॉपर क्लोराईड संपवायला ॲल्युमिनियम लागेल त्याच्या दोन तृतीयांश, ०.०१६७ मोल. होते ०.०२०. उरले ०.००३३ मोल, म्हणजे ०.०९ ग्रॅम.

"मोल जास्त आहेत" आणि "पुरेसे आहेत" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला त्या दीडपटीत दिसलं. कॉपर क्लोराईडला नुसतं ॲल्युमिनियमच्या पुढे राहून भागत नव्हतं, त्याला दीडपट पुढे राहायला हवं होतं. ते होतं सव्वापट.

मुलाचं कोडं मात्र अजून सुटलं नव्हतं. त्याने तीच रीत आपल्या ०.०३१७ मोलांना लावली आणि कॉपर क्लोराईड पुरून उरलं. रीत बरोबर, तरी उत्तर बीकरशी जुळेना. आता चूक रीतीत नसून आकड्यात आहे, एवढं त्याने स्वतः ताडलं. मी त्याला फक्त बाटली उघडून आतली पूड पाहायला सांगितली. ती निळसर हिरवी होती. निर्जल CuCl₂ पिवळट तपकिरी असतं. निळसर हिरवा रंग म्हणजे स्फटिकात पाणी आहे. दर मोलामागे दोन मोल पाणी, ३६ ग्रॅम. म्हणजे त्याने तोललेल्या ४.२६ ग्रॅममध्ये जवळपास ०.९ ग्रॅम पाणीच होतं, आणि ते त्याने कॉपर क्लोराईड म्हणून मोजलं होतं.

समीकरणात पाणी लिहिलेलं नसतं, कारण ते अभिक्रियेत बदलत नाही. पण तराजूवर ते असतं. मोल काढताना सूत्र बाटलीवरचं घ्यायचं आणि गुणोत्तर समीकरणातलं, हा फरक त्याच्या वहीत आता ठळक अक्षरांत आहे.

निष्पन्न काय झालं

नवं थिअरॉटिकल यील्ड असं निघालं: तीन मोल CuCl₂ मागे तीन मोल तांबं, म्हणून ०.०२५ मोलांमागे ०.०२५ मोल. गुणिले ६३.५५, म्हणजे १.५९ ग्रॅम.

आणि इथे प्रकरणाला मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं वळण मिळालं. तराजूवर तर १.७२ ग्रॅम भरलं होतं. १.५९ शी तुलना केली की १०८ टक्के. शुद्ध, कोरडं तांबं थिअरॉटिकल यील्डपेक्षा जास्त मिळूच शकत नाही, तेवढे तांब्याचे अणूच त्या बीकरमध्ये नव्हते. चुकीच्या १.९१ मुळे हीच राशी नव्वद टक्के दिसत होती आणि तिच्यातली भेसळ झाकली गेली होती. भाजक चुकला की वाईट नमुनाही चांगला दिसतो.

जास्तीचं वजन कशाचं, याची दोन उत्तरं समोर होती. एक, उरलेलं ॲल्युमिनियम, जास्तीत जास्त ०.०९ ग्रॅम. पण ते तेवढंही नसणार, कारण अभिक्रियेच्या वेळी जे बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे असतात. द्रावण किंचित आम्लधर्मी असल्याने थोडं ॲल्युमिनियम त्या बाजूच्या अभिक्रियेत खर्च होतं. दोन, पाणी. हे तांबं स्पंजासारखं सच्छिद्र असतं, ओल धरून ठेवतं, आणि मुंबईच्या पावसाळी हवेत ते उघड्यावर सहज वाळत नाही.

दोघांनी लगदा पुन्हा बीकरमध्ये घेतला आणि बुडबुडे थांबेपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ढवळला. त्यात तो फार वेळ ठेवायचा नसतो, कारण हवेच्या संपर्कात बारीक तांबंही हळूहळू ॲसिडमध्ये जाऊ लागतं. मग पाण्याने धुतलं, शेवटी ॲसिटोनने, म्हणजे पाणी त्याच्याबरोबर निघून जाईल आणि ओव्हनमध्ये कमी वेळ ठेवावं लागेल. ओव्हन जास्त तापवला किंवा तांबं आत विसरलं तर ते काळवंडतं. तो ऑक्साइड असतो आणि वजन पुन्हा वाढतं. दोन लागोपाठची वजनं सारखी येईपर्यंत त्यांनी वाळवलं.

शेवटचं वजन १.४९ ग्रॅम. १.५९ शी तुलना करता ९४ टक्के. आधीच्या नव्वदापेक्षा हा आकडा मोठा आहे, पण त्याहून मोलाचं हे की आता तो कशाचा आकडा आहे ते सांगता येतं. उरलेलं सहा टक्के गाळणकागदाला चिकटलेलं आणि धुताना वाहून गेलेलं तांबं असावं, असं दोघांनी लिहिलं, आणि ते मला पटलं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला बदल भाकिताचा. आता प्रयोग सुरू करण्यापूर्वी लिमिटिंग रिएजंटच्या नावाबरोबर दोन वाक्यं लिहून घेते: शेवटी द्रावणाचा रंग कसा असेल, आणि फॉइल उरेल की नाही. "ॲल्युमिनियम लिमिटिंग" हे वाक्य वहीत बिनधोक राहू शकतं. "द्रावण निळं राहील" हे वाक्य रंगहीन बीकरशेजारी टिकत नाही. या जोडीने हे आधी लिहिलं असतं तर गाळण्याच्या आधीच ते थबकले असते.

दुसरा, ताळ्याचा. दोघांनी उत्तर जुळवलं, मांडणी जुळवली नाही. तिचे कॉपर क्लोराईडचे मोल ०.०२५, त्याचे ०.०३१७. हे दोन आकडे शेजारी ठेवले असते तर दोघांपैकी एकाचं चुकलंय हे तिथेच कळलं असतं. म्हणून आता मी जोड्यांना मोलांच्या पायरीवरच वह्या ताडायला सांगते.

प्रात्यक्षिकाच्या सूचनापत्रातही दुरुस्ती करून घेतली. जुन्या पत्रात नुसतं "कॉपर क्लोराईड" लिहिलं होतं. आता पूर्ण सूत्र आहे.

प्रयोगाला एक मर्यादा आहे, ती शिकवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. ॲल्युमिनियम किंचितच जास्त घेतलं, तर हायड्रोजनची बाजूची अभिक्रिया तो जास्तीचा भाग खाऊन टाकते आणि द्रावणात निळसर छटा राहू शकते. तेव्हा आकडेमोड बरोबर असूनही बीकर वेगळं सांगेल. इथे दिलेल्या ॲल्युमिनियमचा सुमारे सहावा भाग जास्तीचा होता, म्हणून निर्णय स्वच्छ लागला. आणि कॉपर क्लोराईडऐवजी कॉपर सल्फेट घेतलं, तर फॉइल बराच वेळ तशीच चमकत राहते: तिच्यावरच्या ऑक्साइडच्या थराला क्लोराईड आयन भेदतात, सल्फेट तेवढं भेदत नाही. त्यात मीठ टाकलं की अभिक्रिया सुरू होते.

राहता राहिला वजनांचा प्रश्न, म्हणजे ०.५४ ग्रॅमच का. प्रकरण संपल्यावर मी हे मुद्दाम मोजून पाहिलं. कॉपर क्लोराईड ४.२६ ग्रॅम कायम ठेवलं, तर ०.४५ ग्रॅम ॲल्युमिनियमला दोन्ही पदार्थ बरोबर एकदम संपतात. त्याहून कमी ॲल्युमिनियम घेतलं की ते खरंच लिमिटिंग असतं, आणि नुसते मोल पाहणाऱ्यालाही तेच उत्तर मिळतं. ॲल्युमिनियमचे मोल कॉपर क्लोराईडच्या बरोबरीला येतात ते ०.६७५ ग्रॅमला, त्यापुढे नुसते मोल पाहिले तरी कॉपर क्लोराईडच लिमिटिंग ठरतं, म्हणजे पुन्हा बरोबर. सहगुणक विसरण्याची चूक पकडली जाते ती फक्त ०.४५ ते ०.६७५ या पट्ट्यात. स्फटिकजल विसरण्याच्या चुकीने लिमिटिंग रिएजंट बदलतो तो आणखी अरुंद, ०.४५ ते ०.५७ ग्रॅमच्या पट्ट्यात. सरावाची उदाहरणं या पट्ट्याबाहेरची असली की चुकीच्या रीतीने बरोबर उत्तरं येत राहतात आणि ती रीत मुलांच्या हाती पक्की होते. म्हणून आता सरावासाठी गणित बनवताना मी आधी हा पट्टा काढते आणि निदान अर्धी गणितं त्याच्या आतली ठेवते.